पांढऱ्यावरून मोजलेला डोळा

लेकीचा डावा डोळा आत वळलाय, हे घरात कोणालाच दिसलं नव्हतं. ते दिसलं नाशिकच्या आत्याला, आणि तेही मोबाईलवर. उष्टावणाचे फोटो बायकोनं घरच्या ग्रुपवर टाकले होते. चांदीची वाटी, खिरीनं माखलेलं तोंड, गालाला काजळाचा ठिपका. सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री दहाला आत्याचा फोन आला. आधी खिरीत केशर घातलं होतं का, हे विचारून झालं आणि मग ती हळूच म्हणाली, "अरे, डोळा जरा चकणा वाटतोय का रे बाळाचा? बघ हं, मला आपलं वाटलं."

"मला आपलं वाटलं" म्हणून फोन ठेवणारी माणसं झोपतात. आपण जागे राहतो.

आम्ही चाकणला नाणेकरवाडीत राहतो. मी म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पत्र्याचे ब्रॅकेट प्रेसमधून येतात, त्यांची भोकं जागेवर आहेत का हे बघायचं, हे माझं काम. बारा वर्षं दिवसभर मिलीमीटरचे दशांश बघतोय. आणि रोज जिला मांडीवर घेतो त्या पोरीचा डोळा मला दिसला नाही? त्या रात्री मोबाईलमधले पाच महिन्यांचे फोटो पहिल्यापासून उघडले. एकदा शंका आली की फोटो वेगळेच दिसायला लागतात. तीन फोटोंत डावा डोळा नाकाकडे गेलेला. पुढच्या दोनात सरळ. मग एका फोटोत चक्क उजवा आत.

सकाळी आईला सांगितलं. तिनं दोन मिनिटांत कारण शोधलं. पाळण्यावरचं चिमणाळं फार खाली टांगलंय, पोर सारखी त्याच्याकडे बघते, म्हणून डोळे आत आले. तिनं स्टुलावर चढून ते काढून टाकलं. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींचं म्हणणं होतं की तिरळं पोर घरात भाग्य आणतं, काळजी करू नका. ते ऐकून बायको जास्तच रडकुंडीला आली, कारण त्याचा अर्थ मावशींनाही डोळा तिरळा दिसत होता. कंपनीत एकाला बोललो, तर तो म्हणाला, "चाकणची पोरगी चकणी नाही होणार तर काय!" एरवी मीही हसलो असतो.

आमच्याकडे बालरोगतज्ज्ञ आहेत, लशी तिथेच चालू आहेत. पण आमचा धीर तेवढा टिकला नाही. वाटेत एक चष्म्याचं दुकान लागतं, तिथं 'मोफत नेत्र तपासणी' असा फलक आहे. तिथल्या माणसानं मुलीकडे चार फुटांवरून पाहिलं, टॉर्च नाही, काही नाही, आणि सांगितलं, "तिरळेपणा आहे. उजव्या डोळ्याला पट्टी सुरू करा, नाहीतर पुढे ऑपरेशन लागेल." पट्टीचं पाकीटही काढून काउंटरवर ठेवलं. बायकोनं ते घेतलं नाही, एवढं तिचं शहाणपण. पुढे डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की चांगल्या डोळ्याला या वयात विनाकारण पट्टी लावली, तर त्याच डोळ्याची नजर मागे पडू शकते.

तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली, पिंपरीत, लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या मॅडमकडे. मधले सहा दिवस हातावर हात धरून बसणं मला जमेना. मी मला येतं ते केलं. चौदा फोटो निवडले, दुपारच्या सुट्टीत तपासणी विभागातल्या कॉम्प्युटरवर मोठे करून उघडले आणि प्रत्येक डोळ्याचं पांढरं मोजलं. बुबुळाच्या आतल्या बाजूला नाकाकडे किती पांढरं दिसतं आणि बाहेरच्या बाजूला कानाकडे किती. डोळा सरळ असेल तर दोन्हीकडे साधारण सारखं हवं, हा माझा हिशेब. उष्टावणाच्या फोटोत उजव्या डोळ्याला आत 3 ठिपके, बाहेर 20. डाव्याला आत शून्य, बाहेर 22. पडद्यावरच्या ठिपक्यांत मोजलंय, पण प्रमाण तर कळतंच. चौदापैकी नऊ फोटोंत डावा 'रिजेक्ट', तीनात उजवा, दोन बरे. तक्ता वहीत लिहून घेतला. वही घेऊन जायचं मनात होतं.

मंगळवारी माझी दुसरी पाळी होती, ती बदलून घेतली. साडेनऊची वेळ आणि तळेगाव चौकातली सकाळची कोंडी, म्हणून सातलाच निघालो. कुरुळी, मोशी, भोसरी, नाशिक फाटा. पोर वाटेत झोपली आणि दवाखान्याच्या दारात जागी झाली, भुकेली. तिथल्या ताईंनी आधी तिला पाजायला सांगितलं. भुकेलं मूल डोळे मिटून रडतं आणि मिटलेले डोळे तपासता येत नाहीत. नंतर कळलं, झोपेच्या आणि दुधाच्या वेळा सांभाळून तारीख घेतली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनी मुलीला हात लावला नाही. पहिली पाच-सात मिनिटं आमच्याशीच बोलत होत्या. केव्हापासून दिसतंय, सारखं दिसतं की मधूनमधून, दमल्यावर जास्त होतं का, कोणता डोळा, दिवस पूर्ण भरले होते का, वजन किती होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, घरात कोणाला तिरळेपणा किंवा लहानपणीच जाड भिंगाचा चष्मा आहे का. दिवस पूर्ण भरले होते, वजन दोन किलो आठशे, घरात कोणाला काही नाही. हे विचारताना त्यांचं अर्धं लक्ष मुलीकडे होतं. ती बायकोच्या मांडीवरून कधी खिडकीकडे, कधी माझ्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे बघत होती. पुढे मॅडम म्हणाल्या की ते बघणं हाच तपासणीचा पहिला भाग होता. मान एका बाजूला वळवून बघते का, वस्तू दिसल्यावर दोन्ही डोळे मिळून तिच्यावर जातात का, हे हात लावायच्या आधीच कळतं.

पहिले दोन-तीन महिने बाळाचे डोळे मधूनच भरकटतात, त्याला कोणी तिरळेपणा म्हणत नाही. मेंदूचं आणि डोळ्यांच्या स्नायूंचं अजून जुळायचं असतं. चार महिन्यांनंतर मात्र डोळा वळलेला दिसत असेल तर तपासायला हवा. आमची सहाव्या महिन्यात होती, म्हणजे आत्याचा फोन वेळेवर आला होता.

मग त्यांनी एक छोटा टॉर्च हातात घेतला. मुलीच्या नाकासमोर हातभर नाही, साधारण फुटाच्या अंतरावर धरला आणि तोंडानं चिमणीसारखा आवाज काढला. मुलगी टॉर्चकडे बघायला लागली. मॅडमनी मला बोलावलं. "या, टॉर्चच्या मागे उभे राहा. माझ्या डोक्याच्या रेषेत. आता पांढरं बघू नका. बाहुलीत चमकणारा ठिपका बघा."

दोन्ही बाहुल्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे दोन पांढरे ठिपके होते. अगदी मधोमध नाहीत, दोन्ही केसभर नाकाकडे. पण दोन्ही सारखेच, आरशात बघितल्यासारखे.

"हे असंच असतं," त्या म्हणाल्या. "नजरेची रेषा आणि बाहुलीचा मध्य तंतोतंत एकावर एक येत नाहीत. दोन्हीकडे सारखं आहे ना, ते महत्त्वाचं."

डोळा खरोखर आत वळला असता तर त्या डोळ्यातला ठिपका मधून निसटून बाहेर, कानाच्या बाजूला गेला असता. आत नव्हे, बाहेर. हे समजायला मला क्षण लागला. टॉर्च जागेवरच असतो आणि त्याचा ठिपकाही जवळपास तिथेच पडतो. बुबुळ त्याच्याखालून नाकाकडे सरकतं, म्हणून ठिपका बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला आल्यासारखा दिसतो. ही रीत बर्लिनच्या हिर्शबर्ग नावाच्या डॉक्टरनी एकोणिसाव्या शतकात काढली. त्यांच्याकडे टॉर्च नव्हता, ते मेणबत्ती धरत. डोळ्याचे डॉक्टर आजही या तपासणीला त्यांच्या नावानंच ओळखतात. ठिपका 1 मिलीमीटर सरकला तर डोळा साधारण 7 अंशांनी वळलाय असं धरतात. तिरळेपणाच्या मापात ते सुमारे 15 प्रिझम होतं.

मी वही काढली. तक्ता बघून मॅडम हसल्या, पण चेष्टेनं नाही. त्यांनी डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "इथं बघा. नाकाची दांडी अजून रुंद आणि बसकी आहे. तिच्यावरची जादाची कातडी या कोपऱ्यावर घडीसारखी आली आहे. ती घडी आतलं पांढरं झाकते. तुम्ही जे मोजलंत ते डोळा किती वळलाय ते नाही. कातडीनं किती झाकलंय ते मोजलंत."

हे वाक्य ऐकलं आणि मला आमचा एक जुना लॉट आठवला. एकदा ब्रॅकेटचे 640 पीस भोक जागेवर नाही म्हणून लाल टॅग लावून बाजूला ठेवले होते. भोक कडेपासून 0.8 मिलीमीटरनं बाहेर दाखवत होतं. दोन दिवस डाय उघडून बसलो, पंच तपासला, काही सापडेना. शेवटी टूलरूमच्या म्हाताऱ्या काकांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. माप कडेपासून घ्यायचंच नव्हतं. डेटम दुसऱ्या दोन भोकांचा होता. कड ट्रिमिंगमध्ये कमीजास्त निघाली होती, भोकं जागेवरच होती. चांगला माल आम्ही रिजेक्ट करून बसलो होतो. इथेही तेच. पापणीच्या कोपऱ्याला मी डेटम धरलं होतं, आणि ती तर नुसती ट्रिमिंगची कड.

डावा कधी आणि उजवा कधी, याचाही उलगडा तिथेच झाला. मॅडमनी टॉर्च मुलीच्या उजवीकडे नेला. दोन्ही डोळे उजवीकडे गेले. त्यात डाव्या डोळ्याचं बुबुळ नाकाकडे आलं, कातडीच्या घडीखाली शिरलं आणि आतलं पांढरं पार नाहीसं झालं. डावा डोळा अगदी तिरळा दिसायला लागला. टॉर्च डावीकडे नेला तर तोच खेळ उजव्या डोळ्यात. फोटो काढताना आई कॅमेऱ्याच्या एका बाजूला उभी राहून टाळ्या वाजवते, मूल आईकडे बघतं, आणि आईच्या विरुद्ध बाजूचा डोळा 'चकणा' येतो. नऊ फोटोंत मी फोन धरला होता आणि बायको मुलीच्या उजव्या हाताला उभी होती. नंतर घरी खात्री केली.

पण मॅडम एवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि मला वाटतं खरी तपासणी इथून पुढे आहे. टॉर्चचा ठिपका नुसत्या डोळ्यानं बघून अर्धा मिलीमीटर इकडचा तिकडे कळणं कठीण. आमच्या भाषेत त्या पद्धतीचं लीस्ट काउंट तेवढंच. अर्धा मिलीमीटर म्हणजे सात-आठ प्रिझम. तेवढा बारीक तिरळेपणा ठिपक्यात लपून जातो. शिवाय जो डोळा दिवसातून चार वेळाच वळतो, तो नेमका टॉर्चसमोर सरळ राहू शकतो.

म्हणून झाकून बघणं. त्यांनी एक छोटं किरकिरं खेळणं धरलं, घंटी लावलेलं माकड. मोठ्या माणसांना काळी चकती वापरतात, पण बाळं चकतीलाच घाबरतात किंवा तिच्याशीच खेळतात. म्हणून मॅडमनी तळवा कपाळावर टेकवून अंगठा खाली आणला आणि उजवा डोळा झाकला. बघायचं असतं झाकलेल्याकडे नाही, उघड्या डोळ्याकडे. डावा डोळा खरंच वळलेला असता तर आतापर्यंत माकडाकडे उजवा डोळा बघत होता, डावा नुसता सोबत होता. उजवा झाकल्यावर डाव्याला काम करावं लागलं असतं आणि तो झटकन बाहेर सरकून माकडावर आला असता. तो हलला नाही. मग डावा झाकून उजवा बघितला. तोही हलला नाही. दोन्ही बाजूंनी करावं लागतं, कारण वळलेला कोणता हे आधी माहीत नसतं. मग अंगठा एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, असा आळीपाळीनं चार-पाच वेळा फिरवला. माकड वाजेनासं झाल्यावर पोर कंटाळली, तर लगेच टेबलाच्या खणातून बदक निघालं. "एका खेळण्याला एकच नजर मिळते," ताई म्हणाल्या. खणात अशी दहा-बारा होती.

एक गोष्ट मॅडमनी बायकोला मुद्दाम दाखवली. कोणताही डोळा झाकला तरी मुलगी सारखीच मजेत होती. एक डोळा झाकल्यावर मूल हात झटकतं, रडतं आणि दुसरा झाकल्यावर गप्प राहतं, तर त्या दुसऱ्या डोळ्यानं त्याला नीट दिसत नसण्याची शक्यता असते. बोलता न येणाऱ्या मुलाची नजर विचारायची ती अशी.

मग खोलीतला दिवा मालवला. हातभर लांब बसून त्यांनी एका उपकरणाच्या भोकातून दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाकला. दोन्ही बाहुल्यांतून लालसर-केशरी चमक येते. ती दोन्हीकडे सारखी हवी. वळलेल्या डोळ्यातली चमक जास्त उजळ दिसते आणि दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तरीही चमक वेगळी पडते. कुठं पांढरट दिसलं तर ते सगळ्यांत गंभीर. आमच्या मुलीची सारखी होती.

दिवा लागल्यावर त्यांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं. मुलीच्या नाकाच्या दांडीवरची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच पुढे उचलली. कोपऱ्यावरची घडी ताणली गेली, आतलं पांढरं उघडं पडलं आणि समोर एक वेगळीच मुलगी आली. डोळे सरळ, नाक टोकदार. चिमूट सोडली, घडी परत बसली, डावा डोळा परत 'आत' गेला.

बायको पटकन म्हणाली, "अहो, हे तर मावशी रोज करतात!"

खरंच होतं. मावशी रोज अंघोळीत तेलाच्या बोटांनी पोरीचं नाक ओढतात. नाक चाफेकळीसारखं व्हावं म्हणून. म्हणजे डोळा सरळ असल्याचा पुरावा पाच महिने रोज सकाळी आमच्या न्हाणीघरात हजर होता, आणि आम्ही नाकाकडे बघत होतो. मॅडमनी मात्र तिथेच सांगितलं की ओढल्यानं दांडी वर येत नाही. ती वाढीबरोबर आपोआप येते. दोन-तीन वर्षांत घडी कमी व्हायला लागते, काहींना शाळेत जाईपर्यंत वेळ लागतो. ओढून फक्त कातडी लाल होते. काजळही बंद करायला सांगितलं. ते आईनं अजून पूर्ण बंद केलेलं नाही, डोळ्यांतून गालावर आलंय.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी अॅट्रोपिनचं मलम लिहून दिलं. तीन दिवस, दिवसातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांत. चौथ्या दिवशी न घालता परत यायचं. सरळ आहे म्हणता, मग हे कशाला, असं मी विचारलं. लहान मूल डोळ्यातलं भिंग इतकं सहज ताणतं की नंबर मोजताना खरा नंबर लपतो. मलमानं ते ताणणं थांबतं. प्लस नंबर मोठा असेल तर मूल जवळचं बघायला भिंग जोरात ताणतं आणि त्या ताणासोबत डोळे आत ओढले जातात. असा तिरळेपणा सहसा जन्मापासून नसतो. बऱ्याचदा तो दोन-तीन वर्षांच्या आसपास उगवतो. आज सरळ असलेल्या डोळ्यामागे तो वाट बघत बसलाय का, हे नंबरावरून कळतं. आणि बाहुली मोठी असताना पडदाही बघून होतो, कारण क्वचित डोळ्यातल्या गाठीचं पहिलं लक्षण डोळा वळणं हेच असतं.

मलमाचे तीन दिवस तपासणीपेक्षा कठीण गेले. खालची पापणी ओढून आत रेघ सोडायची, मग आतला कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात आणि अंगात कमी जातं. हात धुवायचे, नाहीतर आपल्याच डोळ्याला बोट लागून आपलीच बाहुली मोठी होते. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर थांबवून फोन करायचा. पोरीचे डोळे सगळे काळे झाले, उन्हात नेलं की मिटायची. आई म्हणाली, "चांगली पोर होती, बाहुलीसारखी केलीत."

चौथ्या दिवशी मॅडमनी उजेडाची पट्टी डोळ्यावरून हलवत एकेक भिंग समोर धरलं. दोन्ही डोळ्यांना प्लस 2. या वयात तेवढा असतोच, चष्मा नको. पडदा चांगला. कागदावर लिहिलं 'स्यूडोस्क्विंट', म्हणजे खोटा तिरळेपणा, आणि खाली, 'सहा महिन्यांनी दाखवणे'.

हे 'सहा महिन्यांनी' मला आधी जादा वाटलं होतं. मग प्रेस शॉपमधल्या एका दादाशी बोलणं झालं. त्याच्या मुलाचा डोळा दहाव्या महिन्यात आत दिसत होता. ज्यांना दाखवला त्यांनी लांबूनच सांगितलं, नाक बसकं आहे, मोठा झाला की जाईल. टॉर्च नाही, मलम नाही. तेव्हा ते कदाचित बरोबरही असेल. पण दोन वर्षांचा झाल्यावर पोरगा जेवताना, चित्रं बघताना, संध्याकाळी दमल्यावर एक डोळा आत घ्यायला लागला. घरच्यांनी दुर्लक्ष केलं, कारण 'नाकामुळे आहे' हे ठरलेलं होतं. चार वर्षांचा होताना तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांना प्लस साडेपाच निघाला आणि डाव्या डोळ्याची नजर मंद. आता चष्मा आहे. चष्मा घातला की डोळे सरळ, काढला की डावा आत. चांगल्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी, ती तो वर्गात फाडून टाकतो. दादा चिडून म्हणाला, "नाक तर वर आलं रे. डोळा तिथेच."

मॅडमचं म्हणणंही तेच होतं. खोटा तिरळेपणा ठरलेल्या काही मुलांना पुढे खरा होतो. म्हणून 'खोटा' हा निकाल त्या दिवसापुरता. नाक वाढेल तसं दिसणं कमी व्हायला हवं. वाढायला लागलं, एकाच डोळ्याला कायम दिसायला लागलं, मूल एक डोळा मिटून किंवा मान वाकडी करून बघायला लागलं, तर सहा महिने थांबायचं नाही.

घरी आल्यावर मी तेच चौदा फोटो परत उघडले. या वेळी चमकेचा ठिपका मोजला, खिडकीच्या उजेडाचा का होईना, तो असतोच. मुलीचं बुबुळ पडद्यावर 66 ठिपके रुंद होतं. त्या वयात ते साधारण 11 मिलीमीटर धरलं तर 6 ठिपके म्हणजे 1 मिलीमीटर. ती सरळ कॅमेऱ्यात बघतेय अशा पाच फोटोंत चमक दोन्ही डोळ्यांत मध्यापासून 2 ठिपके नाकाकडे. उरलेल्या नऊ फोटोंत ती दुसरीकडे बघत होती आणि दोन्ही चमका एकाच बाजूला सारख्याच सरकल्या होत्या. तिरळं असतं तर सरळ बघताना एक चमक जागेवर आणि दुसरी बाहेर असती. असे फोटो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतात, त्यांनी ते मागितलेही होते. पण फोटोवरून आपणच पास करायचं नाही, लीस्ट काउंटचं आधी सांगितलंच. तक्त्यातली नऊ-तीन-दोन ही ओळ मी खोडली नाही. वहीत तशीच आहे, खाली नवी ओळ.

आईला हे सगळं समजावताना मी टॉर्च धरून दाखवलं होतं. तिला डेटम वगैरे काही पटलं नाही, पण ठिपका पटला. चिमणाळं परत पाळण्यावर लागलं, वीतभर उंच. गेल्या महिन्यात राजगुरुनगरला पुतण्याच्या साखरपुड्यात तिनं कोणाचं तरी आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलं. त्याचं नाक चांगलं सरळ. तिनं माझा मोबाईल मागितला, टॉर्चवर पदराचा कोपरा धरून उजेड मंद केला, बाळासमोर नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "बघ रे. एक मधे आहे. दुसरा बाहेर गेलाय ना?"

मला तसाच दिसला. बाळाच्या आईला आम्ही पिंपरीचा पत्ता दिला. ती म्हणाली, आमच्यात सगळ्यांचेच असे असतात. आईनं काल परत फोन करून विचारलं, तारीख घेतली का. या आठवड्यात घेते म्हणाली.